निरंक: रिकामा अहवाल पाठवायचा की थांबवायचा, हे ठरवताना गेलेले तीन महिने

मी एका तालुका दूध संघात संगणक विभाग सांभाळते. आमच्याकडे 94 संकलन केंद्रं आहेत. सकाळ-संध्याकाळ मिळून दिवसाला सहा हजारांच्या वर पावत्या सर्व्हरवर येतात आणि दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिलं निघतात. रोज सकाळी 7 वाजता संकलन विभागाला एक अहवाल आपोआप मेलने जातो. आदल्या दिवशीच्या ज्या पावत्यांवरचा उत्पादक कोड आमच्या मूळ यादीत सापडत नाही, त्या पावत्या त्यात असतात. कधी केंद्रावर कोड चुकीचा टाकलेला असतो. कधी नवीन उत्पादकाने दूध घालायला सुरुवात केलेली असते, पण त्याचा अर्ज अजून कार्यालयात पोचलेला नसतो. रोज दोन ते पाच नोंदी निघायच्या. त्या बिलाआधी दुरुस्त झाल्या नाहीत, तर ते दूध बिलात येत नाही.

एखाद्या दिवशी एकही नोंद नसेल, तर मेल जावा की जाऊ नये? प्रश्न एवढाच होता, आणि 2024 च्या फेब्रुवारीत मी तो पाच मिनिटांत निकाली काढला होता. त्याची किंमत तीन उत्पादकांनी मोजली. तुमच्याकडेही असा आपोआप जाणारा अहवाल असेल, तर पुढचं सगळं तुमच्या उपयोगाचं आहे.

फेब्रुवारीपर्यंत मेल रोज जायचा, नोंदी असोत वा नसोत. नोंदी नसल्या की जोडलेल्या फाइलमध्ये फक्त वरची शीर्षकाची ओळ असायची. ती उघडून बघितल्याशिवाय रिकामी आहे हे कळायचं नाही. संकलन विभागप्रमुख एकदा म्हणाले, "मॅडम, रिकामा मेल कशाला पाठवता? काही असेल तेव्हाच पाठवा." मला ते पटलं. मी शीर्षकाची ओळ काढली आणि मध्ये `ifne` घातलं. या आज्ञेला आत काही मजकूर आला तरच ती पुढची आज्ञा चालवते.

```
psql -d dudh --csv -t -f najulalelya.sql \
  | ifne mail -s "न जुळलेल्या पावत्या" sankalan
```

इथला `-t` महत्त्वाचा आहे. तो नसेल तर शीर्षकाची ओळ तशीच राहते, `ifne` ला फाइल भरलेली वाटते आणि रिकामा मेल जातच राहतो. मी तो घातला, दोन दिवस तपासलं आणि विषय संपला असं समजले.

12 ऑगस्टला, सोमवारी, एका केंद्राने साठ नवीन उत्पादकांची यादी एक्सेलमध्ये पाठवली. आमच्या सहकाऱ्याने ती मूळ यादीत चढवली. यादीत एकसष्ट ओळी होत्या. शेवटच्या ओळीत नावाच्या रकान्यात "एकूण" लिहिलेलं होतं आणि कोडचा रकाना रिकामा होता. "एकूण" नावाचा एक उत्पादक आमच्या यादीत दाखल झाला. कोडच्या रकान्यावर दुबार कोड रोखणारी अट होती, पण ती अट रिकामा कोड अडवत नाही. त्यामुळे कुठेही चूक दिसली नाही.

13 तारखेच्या सकाळी मेल आला नाही. 14 ला नाही, 15 ला नाही. 21 तारखेपर्यंत सलग नऊ सकाळी मेल आला नाही आणि कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मेल नाही म्हणजे सगळं ठीक, असं आम्ही सहा महिन्यांत स्वतःला शिकवलं होतं. 21 ला 11 ते 20 ऑगस्टची बिलं निघाली.

शुक्रवारी, 23 तारखेला, साडेदहाच्या सुमारास दुसऱ्याच एका केंद्राच्या सचिवांचा फोन आला. "मॅडम, आमच्या तीन नवीन उत्पादकांचं बिलच नाही. एक रुपयाही नाही."

पहिल्यांदा मला वाटलं, केंद्रावरून पावत्या आल्याच नसतील. त्या आल्या होत्या. मग मी त्या पावत्यांचे कोड मूळ यादीत शोधले, ते तिथे नव्हते. म्हणजे आमच्या अहवालात त्या यायलाच हव्या होत्या. अहवालाची क्वेरी मी हाताने चालवली, तर उत्तर शून्य ओळी. समोर पावती दिसते आहे, यादीत तिचा कोड नाही हेही दिसतं आहे, आणि क्वेरी म्हणते आहे की अशी एकही पावती नाही. पोटात गोळा आला तो तेव्हा. चूक केंद्राची नव्हती, माझ्याकडची होती.

क्वेरी अशी होती:

```sql
SELECT s.kendra, s.pavti, s.code
FROM sankalan s
WHERE s.tarikh = current_date - 1
  AND s.code NOT IN (SELECT code FROM utpadak);
```

`NOT IN` प्रत्येक पावतीच्या कोडबद्दल विचारतं, "हा कोड यादीतल्या प्रत्येक कोडपेक्षा नक्की वेगळा आहे का?" यादीत एक जरी कोड `NULL`, म्हणजे अज्ञात असला, तर डेटाबेस म्हणतो, "त्या अज्ञात कोडपेक्षा वेगळा आहे की नाही, सांगता येत नाही." नक्की सांगता येत नाही म्हणून ती पावती निकालात घेतली जात नाही. हे एका पावतीचं होत नाही, सगळ्यांचंच होतं. एका "एकूण"मुळे अहवाल कायमचा शून्यावर अडकला होता. `NOT EXISTS` ला हा त्रास होत नाही:

```sql
  AND NOT EXISTS (
    SELECT 1 FROM utpadak u WHERE u.code = s.code);
```

बदल केला आणि नऊ दिवसांसाठी परत चालवली. 74 पावत्या निघाल्या. त्यातल्या 23 नेहमीच्या, कोड चुकलेल्या. उरलेल्या 51 त्या तिघांच्या होत्या. 12 तारखेची संध्याकाळ आणि पुढचे आठ पूर्ण दिवस धरून प्रत्येकाच्या सतरा.

शनिवारी मी स्वतः त्या केंद्रावर गेले, दुचाकीवर जाऊन-येऊन 38 किलोमीटर. सर्व्हरवरच्या पावत्या कागदाशी जुळवून घ्यायच्या होत्या. तिघांपैकी एक मावशी दोन गायी सांभाळतात. त्यांनी सतराच्या सतरा पावत्या रबर लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्या होत्या. त्या कागदावरची अक्षरं उन्हाने उडतात, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून पिशवी पिठाच्या डब्यात होती. मी एकेक पावती उलगडून आकडा वाचत होते आणि त्या शेजारी उभ्या राहून बघत होत्या. "बाई, दूध तर रोज घातलं की," एवढंच म्हणाल्या. सहा लिटरच्या आसपास एक पावती, 102 लिटर, 28 रुपये दराने 2,856 रुपये. पेंडीचं पोतं त्यांनी उधारीवर आणलं होतं.

पुरवणी बिलाचा मार्ग लांबचा असतो, तो सांगून ठेवते. आधी केंद्र सचिवांचं पत्र, त्याला आवक क्रमांक, मग संगणक विभागाचा खुलासा, मग लेखा विभागाची पडताळणी, शेवटी कार्यकारी संचालकांची सही. मध्ये रविवार आणि गोकुळाष्टमी आली. सही 28 तारखेला झाली आणि पैसे 30 ला खात्यात पडले. खुलाशात मी काय घडलं ते सरळ लिहिलं, "एकूण"सकट. अशा वेळी कागदपत्रं लवकर सरकावीत असं वाटत असेल, तर पावत्यांची यादी, क्वेरीचा आधीचा आणि नंतरचा निकाल आणि फरकाची रक्कम एकाच पानावर द्या. लेखा विभागाने एकही शंका काढून कागद परत पाठवला नाही, तो या एका पानामुळे.

29 तारखेला बैठक झाली. मी ठरवूनच गेले होते की आता रोज मेल पाठवायचा, रिकामा असला तरी. विभागप्रमुखांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाठवा. पण आठ दिवसांत कोणी उघडणार नाही. फेब्रुवारीआधी मी तरी कुठे उघडत होतो?" ते खरं होतं. रिकामी फाइल जोडलेला, रोज एकाच विषयाचा मेल आणि न आलेला मेल, या दोन्हींतून वाचणाऱ्याला मिळतं तेवढंच, म्हणजे काहीच नाही.

वाट दाखवली ती आस्थापनातल्या एका ज्येष्ठ लिपिकांनी. त्यांचं अर्धं आयुष्य शासनाला माहिती पाठवण्यात गेलं आहे. ते म्हणाले, "अहो, हे आम्ही कायमच करतो. वरून पत्र येतं त्यात शेवटी लिहिलेलं असतं, माहिती निरंक असल्यास तसे कळवावे. आम्ही रिकामा तक्ता पाठवत नाही आणि गप्पही बसत नाही. निरंक लिहितो आणि खाली सही करतो." लेखापालांनी लगेच जोड दिली, की जीएसटीचंही तसंच आहे. महिन्यात एकही व्यवहार नसला तरी शून्याचं विवरणपत्र भरावंच लागतं. नाही भरलं तर दिवसाला 20 रुपये विलंब शुल्क.

निरंक हा शब्द मी शेकडो वेळा वाचला होता. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की निरंक हे विधान आहे. कुणीतरी बघितलं, सगळं बघितलं आणि काही सापडलं नाही, असं तो माणूस सांगतो आहे. मग माझ्या अहवालाने निरंक म्हणायचं असेल, तर त्याला आधी हे तिन्ही खरोखर माहीत असायला हवं.

पुढचा आठवडा मी यावर घालवला. शून्य ओळी कशाकशाने येऊ शकतात, ते कागदावर काढलं. खरोखर काही नसेल, तर. केंद्रांकडून पावत्याच आल्या नसतील, तर: तपासायलाच काही नाही, म्हणून शून्य. क्वेरी चुकली असेल, तर. आणि `psql` बंद पडला असेल, तर. हे शेवटचं मला आधी सुचलंच नव्हतं. माझ्या त्या जुन्या आज्ञेत डेटाबेसशी जोडणी झाली नाही, तर `ifne` पर्यंत काहीच पोचत नाही, आणि त्याच्या दृष्टीने ते "नोंदी नाहीत" एवढंच असतं. मेल थांबवण्याच्या माझ्या निर्णयाने या चारही गोष्टींना एकच रूप दिलं होतं.

केंद्रांचा प्रश्न सोपा वाटला. मेलमध्ये किती पावत्या तपासल्या आणि 94 पैकी किती केंद्रांच्या दोन्ही वेळच्या पावत्या आल्या, हे छापायचं. एक जरी केंद्र कमी असेल तर निरंक म्हणायचं नाही, "तपासणी अपूर्ण" म्हणायचं. चाचणी म्हणून सप्टेंबरच्या पहिल्या दहा दिवसांवर चालवून बघितलं, तर आठ दिवस "अपूर्ण" आले. कुठे वीज नाही, कुठे नेट नाही, पावत्या दुपारी पोचतात. रोज अपूर्ण म्हणणारा मेलही कुणी वाचणार नाही. म्हणून जेवढं तपासलं तेवढ्यापुरतंच बोलायचं ठरलं: "निरंक, 92 केंद्रांपुरते", आणि खाली राहिलेल्या दोन केंद्रांची नावं. त्यांच्या पावत्या दुसऱ्या दिवशीच्या अहवालात तपासल्या जातात. त्यासाठी क्वेरीत दुधाच्या तारखेऐवजी पावती सर्व्हरवर चढल्याची वेळ धरावी लागली. हा बदल विसरू नका, नाहीतर उशिरा आलेली पावती दोन दिवसांच्या फटीत कायमची हरवते. पाच किंवा जास्त केंद्रं कमी असतील तरच "तपासणी अपूर्ण". पाच हा आकडा विभागप्रमुखांनी दिला. एवढ्या केंद्रांना सकाळी फोन करणं एका माणसाला जमतं, हे त्यांचं गणित होतं.

एवढं झाल्यावर मी नवा मेल जुन्याच `NOT IN` क्वेरीसकट 13 ऑगस्टच्या सकाळी गेला असता तर कसा दिसला असता, ते काढून बघितलं. सहा हजारांवर पावत्या तपासल्या, केंद्रं 94 पैकी 94, न जुळलेल्या 0. निरंक. मी त्या ओळीकडे बराच वेळ बघत बसले. सगळे आकडे बरोबर आणि निष्कर्ष साफ खोटा. आमची मूळ चूक या नव्या मेलनेही पकडली नसती, उलट तिच्यावर शिक्का मारला असता.

म्हणून एक चाचणी पावती आली. पहाटे आपोआप एका खोट्या केंद्राच्या नावे, मूळ यादीत कधीच नसणाऱ्या 99999 या कोडची, शून्य लिटरची पावती पडते. अहवालाच्या क्वेरीला ती रोज सापडलीच पाहिजे. सापडली तर तिला मोजणीतून वगळायचं आणि पुढे जायचं. सापडली नाही, तर बाकी आकडे काहीही असोत, मेलचा विषय "तपासणी अपूर्ण: चाचणी पावती सापडली नाही". 12 ऑगस्टची "एकूण" ओळ चाचणी डेटाबेसमध्ये परत घालून, जुन्या `NOT IN` सकट चालवलं आणि तो मेल आला. ते खोटं केंद्र बिलातून आणि एकूण लिटरच्या गोषवाऱ्यातून वगळलं आहे ना, हे लेखा विभागाकडून लेखी घेतलं. तुम्हीही घ्या.

मेलमध्ये आणखी एक ओळ घातली, ती विभागप्रमुखांच्या सांगण्यावरून: "याआधी न जुळलेली पावती सापडली ती तारीख". रोज दोन-पाच नोंदी निघणाऱ्या ठिकाणी ही तारीख आठवडाभर मागे राहिली, तर वाचणाऱ्याला स्वतःच शंका येते. यंत्राला सांगावं लागत नाही.

मेलच्या विषयातच निकाल लिहिलेला असल्याने आता तो उघडावा लागत नाही. "निरंक", "न जुळलेल्या 4" किंवा "तपासणी अपूर्ण". एवढ्याने फेब्रुवारीची तक्रार मिटली.

टिपणी 30 ऑगस्टलाच ठेवली होती. "सर्व अहवालांना हेच लागू करावे का?" असा शेरा येऊन ती परत आली. योग्य शेरा होता. आमच्याकडे आपोआप जाणारे चौदा अहवाल आहेत. मी प्रत्येक अहवाल घेणाऱ्याकडे जाऊन एकच गोष्ट विचारली, "हा आला नाही, तर तुम्ही काय समजता?" पशुवैद्यकीय डॉक्टरांना दुसऱ्या दिवशीच्या भेटींची यादी संध्याकाळी जाते. भेट नसेल तर मेल जात नव्हता. ते म्हणाले, "मी रात्री कार्यालयात फोन करून विचारतो." त्यांना "उद्या भेट नाही" हा मेल हवाच होता. भांडार विभागाला पशुखाद्याचा साठा ठरावीक पोत्यांच्या खाली गेला की सूचना जाते. भांडारपाल म्हणाले, "मी तर रोज गोदामात असतो, साठा डोळ्यांसमोर आहे. मला उगाच मेल नको." तिथे न पाठवणंच बरोबर होतं आणि तसंच ठेवलं. त्यांच्याकडे खरं काय ते कळण्याचा दुसरा मार्ग आहे, संकलन विभागाकडे नव्हता. चौदापैकी नऊ अहवालांना निरंक लागू झालं, पाच गप्प राहिले.

गप्प राहणाऱ्या पाचांसाठी आणि निरंक पाठवणाऱ्या नऊंसाठीही एक राखणदार लागतो, कारण सर्व्हरच बंद असेल तर निरंक कोण म्हणणार? त्यासाठी हेल्थचेक्स ही सेवा घेतली. अहवालाचं काम पूर्ण झालं, मग मेल गेला असो वा नसो, की शेवटी तिच्या पत्त्यावर एक `curl` जातो. ठरल्या वेळेत तो पोचला नाही, तर ती मला कळवते. ती आमच्या सर्व्हरच्या बाहेर चालते, हाच तिचा उपयोग. वीस कामांपर्यंत पैसे पडत नाहीत, आमची चौदा आहेत. सवलतीची वेळ मी चाळीस मिनिटं ठेवली. आधी पाच ठेवली होती, तर बिलाच्या दिवशी सर्व्हर दमला की विनाकारण इशारे यायचे.

6 सप्टेंबरला, गणपतीच्या आदल्या दिवशी, टिपणीवर सही झाली. 18 तारखेपासून नवीन अहवाल सुरू झाला. पहिल्या दिवशी विषय होता "न जुळलेल्या 3", दुसऱ्या दिवशी "न जुळलेल्या 2". पहिलं निरंक 24 ला आलं. त्या दिवशी मी तरीही पावत्या हाताने तपासल्या. निरंकच होतं.

मूळ यादीत कोडचा रकाना आता रिकामा ठेवता येत नाही. "एकूण" काढून टाकला, पण त्याची छापील नोंद फाइलला लावलेली आहे.

2 नोव्हेंबरला, पाडव्याच्या सकाळी, मी घरी दिवे आवरत होते. 7 वाजून 25 मिनिटांनी फोन वाजला. विभागप्रमुख होते. "मॅडम, सणाच्या दिवशी त्रास देतो. पण आज निरंक आलं नाही." मी लॅपटॉप उघडला. सर्व्हरची डिस्क भरली होती. जुने लॉग काढून अहवाल हाताने चालवेपर्यंत आठ वाजून गेले. हेल्थचेक्सचा इशारा मध्येच, 7:40 ला, येऊन गेला होता. सव्वाआठला मेल गेला: "निरंक, 93 केंद्रांपुरते". दोन मिनिटांत त्यांचं उत्तर आलं, "मिळालं. राहिलेल्या केंद्राला फोन करतो."